सिक्का ते मोम्बासा : काटेरी तारेच्या आडून नऊ दिवस

ही फेरी नोव्हेंबर २०२५च्या अखेरची. जामनगरजवळच्या सिक्का बंदरातून डिझेल भरून केनियातल्या मोम्बासाला. जहाज १८३ मीटर लांबीचं प्रॉडक्ट टँकर, माणसं बावीस. त्याच महिन्याच्या ६ तारखेला सिक्काहूनच दरबानला निघालेल्या ‘हेलास अफ्रोडाइट’ या टँकरवर सोमाली चाचे चढले होते, तेही किनाऱ्यापासून पाचशेहून जास्त मैलांवर. तिथली चोवीस माणसं सिटाडेलमध्ये, म्हणजे जहाजातल्या बंदिस्त आश्रयखोलीत, शिरली. दुसऱ्या दिवशी स्पॅनिश युद्धनौका पोहोचेपर्यंत चाचे निघून गेले होते. त्यामुळे यावेळी कागदावरची यादी टिकमार्क करून कुणी बाजूला ठेवली नाही.

आमच्यासोबत सशस्त्र रक्षक नव्हते. जे काही करायचं ते जहाजावरच्याच सामानाने आणि माणसांनी.

निघण्याआधीचे दोन दिवस : नांगरावर

पहिला प्रश्न रस्त्याचा. नकाशावर सिक्का ते मोम्बासा सरळ रेघ मारली तर ती साधारण २,४०० सागरी मैलांची होते, पण सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ घासून जाते. म्हणून सेकंड ऑफिसरने रेघ पूर्वेकडे ढकलली. आधी ६२ अंश रेखांशाच्या आसपास खाली उतरायचं, विषुववृत्त ओलांडायचं, सेशेल्सच्या उत्तरेने जायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. एकूण २,६५० मैल. तेरा नॉटच्या वेगाने वीसेक तास जास्त. एवढ्याने धोका टळत नाही हे महिन्याच्या सुरुवातीलाच दिसलं होतं, तरी मोठ्या लाकडी धाऊवरून स्किफ, म्हणजे वेगवान लहान होड्या, सोडणाऱ्या टोळीला किनाऱ्यापासून जितकं लांब यावं लागेल तितकं तिचं पाणी, डिझेल आणि धीर कमी होतो.

दुसरी गोष्ट फ्रीबोर्डची, म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंतच्या उंचीची. भरलेलं जहाज खाली बसतं. आमची ही उंची भरल्यावर सहा मीटरच्या थोडी वर होती. आठ मीटरच्या खाली शिडी लावणं सोपं जातं असं मानतात. वेगाचंही तसंच. अठरा नॉटच्या वर पळणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद उद्योगाच्या मार्गदर्शिकांमध्ये नव्हती, आणि आमचं इंजिन फार ओढलं तर साडेचौदा नॉट. उंची कमी, वेग कमी. उरली तार, पाणी, डोळे आणि बंद दारं.

तारेचं काम माल भरण्याआधीच उरकावं लागतं. भरलेल्या टँकरच्या डेकवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवता येत नाही, त्यामुळे ब्रॅकेट आधीच तयार हवेत आणि नटबोल्टने कठड्याला बसतील असे हवेत. आमचे ब्रॅकेट पट्टीचे, बाहेरच्या बाजूला पंचेचाळीस अंशात झुकलेले. हा झुकाव महत्त्वाचा. तार कठड्याच्या आत किंवा अगदी वर बसवली तर शिडीचा आकडा तिच्या खालून कठड्याला लागतो आणि वर एक गादी किंवा घोंगडी टाकली की माणूस आत येतो. तार कठड्याबाहेर लोंबत असेल तर आकड्याला धरायला काही सापडत नाही.

डेकवरच्या खलाशांचे मुकादम, बोसन, गुहागरकडचे. त्यांच्या हाताखाली ओएस, म्हणजे शिकाऊ पातळीचा खलाशी, म्हणून पहिल्यांदाच आलेला एक मुलगा होता. त्याने रिळाच्या खोक्यावर ‘१५ मीटर’ वाचलं आणि तेवढं ताणायला घेतलं.

“अरे पोरा, एवढं ओढलंस तर मधून म्हैस जाईल,” बोसन म्हणाले. “आठ मीटर. नवव्यानंतर तार तार राहत नाही, नुसती रेघ होते.”

“पण काका, मग रिळं पुरणार नाहीत.”

“म्हणून तर आधी मोजायची.”

हिशोब असा. दोन्ही बाजू आणि मागचा भाग मिळून सुमारे ३३० मीटर घेर. ९८० मिलिमीटर व्यासाचं रीळ आठ मीटरला एक, म्हणजे बेचाळीस रिळं. मागच्या पूप डेकभोवती, जिथे चढण्याचे प्रयत्न सर्वांत जास्त होतात, तिथे दुसरी ओळ, नव्वद मीटरची. आणखी अकरा-बारा रिळं. एकूण चोपन्न. त्यातली दोन-तीन हमखास गुंतून वाया जातात, म्हणून साठ मागवावीत. पुढच्या टोकाला, जिथे जहाज उंच आणि बाहेर कलतं असतं, तिथे कमी चालतं.

रीळ नुसतं टाकून ठेवलं तर ते आकड्याने ओढून समुद्रात पाडता येतं, आणि सगळीकडचं एकसंध असेल तर पन्नास मीटर एकदम जातं. म्हणून रिळांच्या पोटातून आठ मिलिमीटरची वायर रोप ओवायची आणि दर मीटरला ती कठड्याशी बांधायची. आमच्या आधीच्या खलाशांनी ही वायर ओवली होती, पण बांधण्याऐवजी प्लास्टिकच्या झिप-टायने अडकवली होती. उन्हाने तो प्लास्टिक पट्टा बोटाने दाबला की तुटत होता. सगळे पट्टे काढून पातळ गॅल्व्हनाइज्ड तारेने परत बांधले. त्यातच अर्धा दिवस गेला.

रेझर वायर हाताळायला साधे चामडी हातमोजे पुरत नाहीत, पाती त्यातून जातात. जाड अस्तराचे खास मोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, लांब बाह्या आणि आठ मिलिमीटर सळईचे वाकवलेले दोन आकडे घ्या. रीळ हाताने धरायचंच नाही, आकड्याने ओढायचं. आणि रिळाची पट्टी कापताना ते उसळतं, तेव्हा पट्टीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

दोन्ही बाजूंना पायलटच्या शिडीची जागा आणि लाइफबोटीत चढण्याची जागा उघडी ठेवावी लागते. पायलट उतरला की शिडीची जागा मिटवायची. बोटीची जागा नाही. आग लागली तर माणसांना तारेतून जायला लागू नये.

पहिला दिवस : कच्छच्या आखातातून बाहेर

पायलट सकाळी उतरला. यूकेएमटीओला, म्हणजे व्यापारी जहाजांशी संपर्क ठेवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला, प्रवासाचा पहिला अहवाल गेला, युरोपीय नौदल मोहिमेच्या एमएससीआयओकडे नोंदणी आधीच झाली होती. यापुढे रोज एकदा जागा, दिशा आणि वेग कळवायचा. हे न चुकता करण्याचं कारण साधं आहे. ज्या दिवशी फोन करायची वेळ येते त्या दिवशी पलीकडच्या माणसासमोर तुमचं जहाज आधीच नकाशावर असतं, आणि ‘तुम्ही कोण, किती माणसं, माल काय’ यात दोन मिनिटं जात नाहीत.

दुपारी पाण्याची चाचणी. पूप डेकवर आठ होज कठड्याला बांधले होते, तोंड बाहेर आणि खाली. स्किफमध्ये पाणी भरून तिचं इंजिन आणि माणसांचा तोल बिघडवणं हा त्यांचा उपयोग. हातात धरून कुणी उभं राहायचं नाही, कारण समोरचा माणूस बंदूक घेऊन असतो. मार्गदर्शिकांमध्ये ८० पीएसआयचा, म्हणजे साडेपाच बारचा आकडा येतो. फायर पंपापाशी सात बार दिसत होता, सगळे खूश झाले. मग चीफ ऑफिसरने सर्वांत शेवटच्या हायड्रंटवर गेज लावला. आठही उघडे असताना तिथे तीन बार. तीन होज बंद केल्यावर साडेपाच मिळाले. म्हणून पाचच ठेवले, तीन मागच्या कोपऱ्यांकडे आणि दोन बाजूंना, उरलेली जागा दुहेरी तारेने भागवली. पंपापाशी वाचलेल्या दाबावर विसंबू नये. नेहमी टोकाला मोजावं.

एक होज चाचणीतच सुटला आणि डेकवर सापासारखा आपटू लागला. नोझलला एका जागी दोरी होती. प्रत्येक नोझलला दोन जागी बांधा, एक तोंडाजवळ आणि एक हातभर मागे.

दुसरा दिवस : तालीम फसते

आकाश स्वच्छ, ईशान्येचा वारा बारा-पंधरा नॉट, मागून येणारा. रविवार होता, दुपारी बिर्याणी. जेवण जड व्हायच्या आत, साडेदहाला, कॅप्टननी न सांगता तालीम घेतली.

सिटाडेल म्हणून आमच्याकडे स्टिअरिंग गिअर रूम ठरलेली होती. जहाजाच्या अगदी मागे, पाण्याच्या पातळीजवळ, इंजिन रूममधून एका दारातून आणि पूप डेकवरून एका हॅचमधून जाता येतं. सूचना झाल्यापासून बाविसावा माणूस आत येऊन दार बंद व्हायला लागले ११ मिनिटं ४० सेकंद.

का लागले, हे एकेक करून शोधलं. भंडाऱ्याने, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याने, गोव्याचा माणूस, गॅली सोडण्याआधी चुली बंद केल्या आणि तेल थंड आहे का ते पाहत राहिला. त्याचं चुकलं नव्हतं, आग लावून कुणी सिटाडेलमध्ये जात नाही, पण मुख्य स्विच दाराशीच आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. फिटर कार्यशाळेत कानाला संरक्षक लावून होता, त्याला घोषणा ऐकूच आली नाही. तिथे आता फिरता दिवा लावला. सर्वांत जास्त वेळ गेला तो मोजणीत. थर्ड ऑफिसरने एकवीस मोजले, परत मोजले, परत एकवीस. बाविसावा कॅडेट हायड्रॉलिक पंपाच्या मागे बसला होता.

मोजणीचं हे महत्त्व बाहेरच्या माणसाला लगेच कळत नाही. युद्धनौकेवरचे कमांडो चढतात ते तीन अटींवर. सगळी माणसं आत आहेत, आतून दोन्ही बाजूंनी बोलता येणारं स्वतंत्र संपर्कसाधन चालू आहे, आणि जहाजाचं इंजिन चाच्यांच्या हाती नाही. एकही माणूस बाहेर राहिला तर तो ओलीस असतो आणि सुटका थांबते. म्हणून मोजणी डोक्यांची न करता पाट्यांची सुरू केली. इंजिन रूमच्या बाजूच्या दाराआत बावीस खिळ्यांची फळी, प्रत्येक खिळ्यावर पदाची पाटी. आत येताना आपली पाटी उलटायची. न उलटलेली पाटी एका नजरेत दिसते.

संध्याकाळी दुसरी तालीम, ५ मिनिटं २० सेकंद.

हे आकडे कशाशी ताडायचे? स्किफ पंचवीस नॉटने मागून येते आणि जहाज तेराने पळतं, म्हणजे अंतर बारा नॉटने कमी होतं. ती अडीच मैलांवर दिसली तर साडेबारा मिनिटांत बाजूला लागते. सकाळच्या तालमीत आम्ही जेमतेम एका मिनिटाच्या फरकाने दार लावलं असतं. आणि अडीच मैलांवर ती दिसेलच, हे कुणी सांगितलं?

तिसरा दिवस : डोळे

म्हणून तिसरा दिवस पहाऱ्याचा. ब्रिजवर नेहमी एक अधिकारी आणि एक माणूस असतो. आता प्रत्येक पाळीत दोन जास्तीचे लुकआउट, त्यातला एक फक्त मागे पाहणारा. दर तासाला जागा बदलायची. मागे पाहणारा माणूस तासाभराने समोरच्या निळ्या पाण्याकडे पाहतो, पण त्याला काही दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी डेकवरचं रंगकाम आणि गंज काढणं पूर्ण बंद ठेवलं. चोवीस तासांत दहा तास विश्रांती आणि आठवड्याला सत्त्याहत्तर, हा नियम जास्तीच्या पाळ्या आणि रोजचं काम दोन्ही ठेवून पाळता येत नाही. इंजिन रूमही रात्री रिकामी ठेवली नाही. दोन जनरेटर समांतर, स्टिअरिंगचे दोन्ही पंप चालू.

रडारवर फायबरची स्किफ लाटांच्या गर्दीत मिसळून जाते. समुद्र शांत असला तर एक्स-बँड रडारवर अडीच-तीन मैलांवर अधूनमधून ठिपका उमटतो, लाटा असल्या की मैलभरावर येईपर्यंत काही नाही. ‘सी क्लटर’, म्हणजे लाटांचे ठिपके, जास्त दाबलं की पडदा सुंदर स्वच्छ दिसतो, आणि त्या स्वच्छतेत स्किफही पुसली जाते. म्हणून थोडी घाण राहू द्यायची, ट्रेल चालू ठेवायचे, एक रडार सहा मैलांवर आणि दुसरं तीनवर. तीन फेऱ्यांत दोनदा एकाच जागी आलेला ठिपका दुर्बिणीने पाहायचा. ठीक मागे चिमणीच्या सावलीमुळे रडार आंधळं असतं, नेमकी तीच दिशा चाच्यांची. त्या दिशेला माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही.

रात्री डेकचे दिवे बंद, दिशादर्शक दिवे मात्र कायम. ब्रिजवर मोबाइल उघडायला बंदी, कारण अंधाराला सरावलेला डोळा परत सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. त्या रात्री मागच्या पाण्यात चमक होती, कोकणच्या किनाऱ्यावरही काही रात्री दिसते तशी. आमच्या पंख्याने घुसळलेलं पाणी हिरवट निळं पेटत होतं. एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, म्हणाला की अशा रात्री लहान बोटीची रेघही दिसते, दिवा नसला तरी. दोघे लुकआउट एक वाजेपर्यंत काळ्या पाण्यात दुसरी रेघ शोधत होते. भंडाऱ्याने आल्याचा चहा आणि कांदाभजी वर पाठवली.

चौथा दिवस : सिटाडेलच्या आत

उत्तर अक्षांश साधारण ८. वारा पडत चालला, समुद्र तेलकट सपाट. अशाच पाण्यात स्किफ चालतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात त्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे सपाट समुद्र पाहून इथे कुणी खूश होत नाही.

दिवसभर सिटाडेल नीट लावलं. इंजिन कंट्रोल रूमला वातानुकूलन आहे, खुर्च्या आहेत, तरी ती निवडली नव्हती, कारण तिला मोठ्या काचा आणि तीन वाटा आहेत. स्टिअरिंग रूमला दोनच. इंजिन रूमकडून येणाऱ्या दाराला आतून दोन आडवे पोलादी दांडे. पूपवरच्या हॅचला आतून साखळी आणि टर्नबकल, कारण हॅचचं चाक बाहेरूनही फिरतं. पण दोन्ही आतून अवजाराशिवाय उघडता आली पाहिजेत. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली आणि तो माणूस बेशुद्ध पडला, तर खोलीचा सापळा होतो.

पाणी बावीस माणसं, तीन दिवस, माणशी चार लिटर, म्हणजे २६४ लिटर. वीस लिटरचे चौदा जार. चार लिटर का, तर वरच्या पोलादी डेकवर ऊन पडतं, पंखे बंद पडतात आणि आत चाळिशीच्या वर तापमान जातं. खायला बिस्किटं, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, सुका खजूर. शिजवायचं काही नाही. झाकणाच्या दोन बादल्या आणि आडोशाची ताडपत्री. रोजची औषधं घेणाऱ्या दोघांच्या तीन-तीन दिवसांच्या गोळ्या.

हवेचा हिशोब मात्र बहुतेक जण करत नाहीत. खोलीत यंत्रं वजा जाता सुमारे ५०० घनमीटर हवा. बसलेला माणूस ताशी वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, बावीस माणसं ४४० लिटर. म्हणजे दर तासाला ०.०९ टक्के वाढ. अकरा-बारा तासांत एक टक्का, आणि सगळं घट्ट बंद राहिलं तर दीड दिवसाच्या आत तीन टक्के, जिथे डोकं ठणकतं आणि धाप लागते. टँकरवरचा गॅस मीटर ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. पण ऑक्सिजन २०.९ वरून १९.५ ला आला आणि गजर झाला की दुसरा वायू एक टक्क्याच्या पुढे गेला असं धरायचं. हे तेरा-चौदा तासांनी होतं. आमच्या खोलीला डेकवर दोन छत्री व्हेंट होते, त्यातलं एक रंगाने चिकटून बसलं होतं. ते मोकळं करून आतून उघडता येईल असं केलं आणि बाहेरून त्याच्या तोंडावर जाळी बोल्ट केली, म्हणजे वरून धूर किंवा पेटता बोळा टाकणं अवघड व्हावं.

मग फोन. इरिडियम सॅटेलाइट फोन चार्ज होता, सिम टाकलेलं होतं, बाहेरच्या अँटेनाची केबल जोडलेली होती. फोन लागला नाही. आधी सगळ्यांनी अँटेना तपासली. ती ठीक होती. मग इलेक्ट्रिशियनने केबलचं टोक उघडलं, तर आतल्या पिनेवर हिरवा गंज, खाऱ्या हवेचा. खरडून, पुसून, नवं टोक बसवून टेप मारली. सिग्नल आला, आणि मग कळलं की प्रीपेड सिमचे मिनिटं सप्टेंबरमध्येच संपले होते. त्याच दुपारी ऑफिसकडून रिचार्ज करून घेतलं. फोन सुरू होतो म्हणजे तो चालतो असं नाही. सिटाडेलचं दार बंद करून, आतून, खरोखर कुणाला तरी लावून दोन मिनिटं बोला.

अँटेना कुठे आहे हेही पाहा. ब्रिजवरच्या मोठ्या घुमटाशेजारी असेल तर चाचे तो पूर्ण खांबच कापतात. १० ऑक्टोबर २०११ला ‘माँटेक्रिस्टो’ या इटालियन जहाजावर संपर्क तुटला, तेव्हा आतल्या तेवीस माणसांनी चिठ्ठी बाटलीत घालून, दिवा लावून, खिडकीतून समुद्रात टाकली. नौदलाला ती मिळाली, आणि सगळे आत सुरक्षित आहेत हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सुटका झाली. त्या तेवीस जणांत आपले दहा भारतीय होते. आमची छोटी अँटेना डेकवरच्या रंगवलेल्या पाइपांच्या जुडग्यात होती, आणि तिथे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

‘बेलुगा नॉमिनेशन’ या जहाजाचं उलट झालं. जानेवारी २०११, सेशेल्सच्या उत्तरेला, माणसं सिटाडेलमध्ये, पण जवळ युद्धनौका नव्हती. अडीच दिवसांत चाच्यांनी कापून आत प्रवेश केला. म्हणून आम्ही ऑक्सिजन-ॲसिटिलीनचे टॉर्च आणि होज, ग्राइंडर, मोठे बोल्टकटर, घण हे सगळं गोळा करून सिटाडेलच्या आतच ठेवलं. कार्यशाळेत रिकामे खिळे राहिले.

सिटाडेल किती तास टिकायला हवं ते नौदलाच्या अंतरावर ठरतं. साडेचारशे मैलांवरची नौका पंचवीस नॉटने आली तरी अठरा तास. ४ जानेवारी २०२४च्या संध्याकाळी ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरून खबर आली, ५ तारखेला पहाटे आपल्या नौदलाचं टेहळणी विमान डोक्यावर आलं आणि दुपारी सव्वातीनला आयएनएस चेन्नई पोहोचली. नौदलाचे मार्कोस कमांडो चढले तेव्हा चाचे पळून गेले होते, आणि पंधरा भारतीयांसह एकवीस जण सुखरूप होते. चोवीस तासांच्या आत. आम्ही बहात्तरचा साठा ठेवला तो या दोन्ही गोष्टी समोर ठेवून.

पाचवा दिवस : दोन स्किफ

सकाळी ६:१०, उजाडून दहा मिनिटं झाली होती. उजव्या बाजूला मागे सहा मैलांवर एक धाऊ, एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र, चालू नाही. ६:२२ला तिच्या दिशेने दोन ठिपके उमटले, एक्स-बँडवर २.६ मैल. मागच्या लुकआउटने दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं, “दोन बोटी, आपल्याकडेच तोंड.”

इंजिन साडेचौदा नॉटला नेलं. त्या बावीस-तेवीसने येत होत्या, अंतर आठ नॉटने घटत होतं. म्हणजे हातात एकोणीस मिनिटं. दोन मैलांवर यूकेएमटीओला फोन आणि पाचही होज चालू. दीड मैलावर सगळे आत जमायच्या जागी, ब्रिजवर तिघे आणि कंट्रोल रूममध्ये दोघे सोडून. त्याला ४ मिनिटं ५० सेकंद लागले. सुकाण सरळच ठेवलं. लांब असताना वळणं घेतली की फक्त वेग जातो. बोट जवळ आली की मगच लहान-लहान, पाच-सात अंशांची वळणं, ज्याने बाजूचं पाणी उसळतं आणि शिडी टेकत नाही.

११ मिनिटांनी त्या १.१ मैलावर होत्या. आता नीट दिसत होतं. प्रत्येकीत तीन माणसं, मागे निळे पिंप, जाळ्याची तरंगती बोंडं, शिडी नाही. त्या मागच्या कोपऱ्याकडे येत नव्हत्या, आमच्या उजव्या बाजूने पुढे निघत होत्या आणि एक माणूस कापड हलवत पुढे हात दाखवत होता. त्यांचं जाळं आमच्या पुढे, उजवीकडे पसरलेलं होतं. कॅप्टननी दहा अंश डावीकडे घेतलं. बोटी लगेच मंदावल्या आणि वळल्या. एकाने हात वर केला.

चाच्यांची स्किफ ओळखायची ती अशा गोष्टींवरून. पाच-सहा माणसं, जाळं नाही, आडवी ठेवलेली शिडी किंवा आकडे, दोन मोठी आउटबोर्ड इंजिनं, आणि मागच्या कोपऱ्याचा रोख. नुसती बंदूक दिसणं पुरेसं नाही, या समुद्रात मासेमारही ती बाळगतात. ओळखण्याची घाई किती महाग पडते हे केरळच्या किनाऱ्यावर १५ फेब्रुवारी २०१२ला दिसलं, जेव्हा ‘एन्रिका लेक्सी’ टँकरवरच्या इटालियन सैनिकांच्या गोळीबारात आपले दोन मच्छीमार गेले. जाळ्याला जागा देणं आणि सिटाडेलची तयारी, दोन्ही एकाच वेळी करता येतं. यूकेएमटीओला परत फोन करून मासेमार होते असं कळवलं.

सहावा ते आठवा दिवस

विषुववृत्त ओलांडलं. सरी येत होत्या, आणि सरीत लुकआउट अर्धा आंधळा होतो, म्हणून तेवढ्या वेळापुरते रडारवर दोघे. घड्याळं एकूण अडीच तास मागे घ्यायची होती, ती दिवसपाळीत अर्धा-अर्धा तास करून घेतली, कारण रात्री बारा ते चारच्या पाळीत तास वाढवला की तोच माणूस पहाटे, हल्ल्याच्या वेळी, थकलेला असतो.

सातव्या दिवशी तिसरी तालीम, ४ मिनिटं ३५ सेकंद. यावेळी ब्रिज सोडण्याचा क्रमही धरला. एसएसएएसचं, म्हणजे गुपचूप धोक्याचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राचं बटण, चॅनेल १६ वर हाक, यूकेएमटीओ, मग इंजिन थांबवणं आणि कॅप्टन सर्वांत शेवटी खाली. पण चाचा कठड्यावर दिसेपर्यंत थांबायचं नाही. ब्रिजपासून स्टिअरिंग रूमपर्यंत सात जिने आहेत, कॅप्टनना ते उतरायला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. चांगला शिडीवाला तेवढ्यात डेकवर असतो.

नववा दिवस : मोम्बासा

किनारा दिसायच्या आधी, पहाटे, डाव्या बाजूच्या पायलट शिडीजवळची तार सोडली. बाकीची बंदरात राहू दिली नाही, टगचे दोर तिच्यात अडकतात. उतरवतानाही चढवण्याइतकाच वेळ लागतो, हे वेळापत्रकात धरा. वायर रोपच्या गाठी कापायच्या आधी रीळ आकड्यांनी दाबून धरायचं आणि तीन जागी बांधायचं.

यूकेएमटीओला शेवटचा अहवाल गेला. चोपन्नपैकी एकेचाळीस रिळं परत वापरण्यासारखी निघाली. तेरांवर पूपच्या खाऱ्या फवाऱ्याने पात्यांच्या कडेला तांबूस गंज धरला होता. बोसननी ती वेगळी ठेवून खोक्यांवर खडूने ‘फक्त पुढच्या भागासाठी’ लिहिलं. ओएसने फळीवरच्या बावीस पाट्या परत सरळ केल्या आणि सॅटेलाइट फोनच्या सिमवर उरलेले मिनिटं कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवले : ११४.